भूप आणि देशकार: पाच स्वर तेच, वादी-संवादी वेगळे

प्रश्न: भूप आणि देशकार दोन्हींत सा रे ग प ध हेच स्वर. पुस्तकात भूपाचा वादी ग, संवादी ध आणि देशकाराचा वादी ध, संवादी ग दिलाय. पण गाताना यामुळे नेमकं काय बदलतं?

उत्तर: बदलतो तो मुक्काम. वादी म्हणजे सर्वांत जास्त वेळा येणारा स्वर, अशी व्याख्या बऱ्याचदा पाठ करून घेतात, आणि घोळ तिथेच होतो. तानेत पाचही स्वर जवळपास सारखेच येऊन जातात. मोजायची ती आवर्तनं नव्हेत, आलापाचं वाक्य कुठे थांबतं ते पाहायचं. वादी हे त्या थांब्याचं पहिलं ठिकाण. संवादी हा सप्तकाच्या दुसऱ्या अर्धात त्याला उत्तर देणारा स्वर.

हा जोड मनमानी नसतो. भरताच्या नाट्यशास्त्रात संवादी स्वरांमध्ये 9 किंवा 13 श्रुतींचं अंतर सांगितलंय, म्हणजे सा-म किंवा सा-प एवढं. सा 240 हर्ट्झवर धरलात तर ग 300 वर आणि ध 400 वर येतो. 300 ला 400 म्हणजे 3:4, सा-म चंच नातं. म्हणून ग लावून ध लावला की दोन्ही एकमेकांत मिसळतात.

आता भूप गाऊन बघा: ग, रे सा, मंद्र ध, सा रे ग, प ग, ध प ग, रे सा. वाक्य मंद्र धैवतापर्यंत खाली उतरतं आणि परत गंधारावर येऊन बसतं. मध्य सप्तकात ध लागतो तेव्हाही तो 'ध प ग' असा गंधाराकडे ओघळतो. रे वरही थोडं थांबता येतं. सगळी वस्ती पूर्वांगात, म्हणून चाल संथ. शिवाय तंबोऱ्याचा खर्ज नीट जुळला की त्यातून गंधार आपोआप ऐकू येतो. भूपातला लांब ग त्या गंधारात विरतो आणि निवांत वाटतो.

देशकारात सुरुवातच वरून करा: ध, ध प, ग प ध प, तार सा, ध प, ग प ध प, ग रे सा. इथे ध ठाम लागतो आणि वाक्य बहुतेक पंचमावर टेकतं. तंबोऱ्यात धैवत तसा आपोआप सापडत नाही, तो गायकाने धरून ठेवावा लागतो. त्यामुळे तोच स्वर इथे ताणलेला, उजळ वाटतो. रिषभ दुबळा असतो. चढताना बहुधा सा वरून थेट ग वर जायचं, उतरताना 'ग रे सा' चटकन उरकायचं. रे वर रेंगाळलात तर देशकार संपलाच म्हणून समजा.

सगळ्यात जास्त घसरगुंडी होते ती भूपाचा विस्तार वर न्यायला लागल्यावर. तार षड्जाकडे जाताना 'ग प ध' वर थांबून 'ध प' वर वाक्य संपवलं, तेही लागोपाठ दोन-तीनदा, की जाणत्या श्रोत्याला देशकार ऐकू येतो. एकही वर्ज्य स्वर लागलेला नसतो, तरी राग मोडतो. उपाय सोपा आहे: ध वर जा, पण परतताना 'ध प ग' पूर्ण करून गंधारावरच थांबा. स्वतःच्या आलापाची 5 मिनिटं रेकॉर्ड करून प्रत्येक वाक्याचा शेवटचा स्वर कागदावर लिहा. षड्ज बाजूला ठेवून उरलेल्यांत ग चं पारडं जड नसेल, तर तो भूप झालेला नाही.

वेळेचा नियमही इथूनच येतो. पं. भातखंड्यांच्या पद्धतीत वादी पूर्वांगात असलेले राग साधारण दुपारी 12 ते मध्यरात्री 12, उत्तरांगात असलेले उरलेल्या वेळेत. म्हणून भूप रात्रीच्या पहिल्या प्रहराचा, देशकार सकाळचा. अपवाद आहेत, पण या जोडीला नियम चपखल बसतो.

मात्र प्रत्येक रागात हे गणित शोधू नका. मारव्यात कोमल रे वादी आणि शुद्ध ध संवादी मानतात. त्या दोघांत सा-प चं अचूक अंतर नाही, धैवत जरा वर पडतो. तिथे संवादी म्हणजे फक्त 'दुसरा महत्त्वाचा स्वर' एवढंच. काही रागांच्या बाबतीत तर दोन घराणी वादी वेगवेगळा सांगतात. अशा वेळी तक्त्यापेक्षा चलन पाहावं. पुस्तकातली वादी-संवादीची ओळ चलनावरूनच काढलेली असते.