अनुदान अर्जाचे ठरलेले रकाने आणि शब्दमर्यादा: पाझर तलावाच्या अर्जाचं उदाहरण

प्रश्न: जत तालुक्यात आमची छोटी संस्था आहे. गावच्या पाझर तलावातला गाळ काढायला एका कंपनीच्या सीएसआर निधीचा ऑनलाइन अर्ज भरतेय. रकाने ठरलेले आहेत: गरज २०० शब्द, उद्दिष्टे १००, कार्यपद्धती २५०, अपेक्षित परिणाम १५०, शाश्वतता १००. माझी नुसती 'गरज'च ४६० शब्दांची झालीय आणि 'शाश्वतता'त काय लिहावं ते सुचत नाही. काय कापू?

उत्तर:

ताई, अजून एक शब्दही कापू नका. आधी त्या ४६० शब्दांची प्रिंट काढा आणि प्रत्येक वाक्यासमोर समासात पेन्सिलीने खूण करा: ग, उ, का, प, शा. हे वाक्य खरं तर कोणत्या रकान्याचं, एवढंच ठरवायचं. एका वाक्याला दोन खुणा कराव्या लागल्या, तर ते वाक्य मधोमध तोडायचं.

आटपाडी तालुक्यातल्या एका तलावासाठी मी पहिला अर्ज लिहिला तेव्हा माझीही गरज अशीच फुगली होती. खुणा केल्यावर दिसलं की जवळपास निम्मी वाक्यं गरजेची नव्हतीच. 'शेतकरी स्वतःच्या ट्रॅक्टरने, स्वखर्चाने गाळ नेणार आहेत' हे वाक्य मी अभिमानाने गरजेत घातलं होतं. त्याचं घर कार्यपद्धतीत. 'गाळ पडलेल्या माळरानावर ज्वारी येईल' हे परिणामात. 'ग्रामसभेने तलाव समिती नेमली आहे' हे शाश्वततेत. म्हणजे शाश्वततेत लिहायला काही सुचत नव्हतं, कारण ते सगळं मी गरजेत लिहून बसलो होतो. तुमचंही तेच झालं असणार, असा माझा अंदाज आहे.

गरजेत नक्की काय राहिलं पाहिजे? आज काय घडतंय, कुणाच्या बाबतीत घडतंय आणि कशामुळे. उपाय नाही. 'गाळ काढण्याची गरज आहे' ही गरज नव्हे, तो तुमचा उपाय आहे. विहिरी फेब्रुवारीत आटतात, ही गरज. गाळ साचलाय हे कारण म्हणून येऊ द्या. 'काढणे' हा शब्द आला की समजायचं, आपण पुढच्या रकान्यात घुसलो.

आता कापाकापी. आपल्याकडच्या अर्जांत हमखास येणारं वाक्य घेतो:

> आमचे गाव हे जत तालुक्याच्या पूर्व भागातील कायम दुष्काळी पट्ट्यात येत असून येथील शेतकरी बांधवांना व विशेषतः महिला भगिनींना दरवर्षी उन्हाळ्यामध्ये पाण्याच्या भीषण टंचाईला सामोरे जावे लागत असते, त्यामुळे गावातील पाझर तलावातील गाळ काढणे ही काळाची गरज बनलेली आहे.

हे ३९ शब्द. यात मोजता येईल असं एकही काही नाही. जतच्या जागी माण किंवा खटाव घातलं तरी वाक्य तसंच चालेल, आणि तपासणाऱ्याला तेच आधी दिसतं. आता हे बघा (आकडे नमुन्याचे आहेत, तुम्ही तुमचे घाला):

> तलावाखालच्या ४२ विहिरींपैकी ३१ फेब्रुवारीअखेर आटतात. मार्च ते जून गावाला टँकर लागतो. १९७२च्या दुष्काळात खोदलेल्या तलावात गाळ साचून पाणी मुरणे मंदावले आहे.

२२ शब्द. पहिलं जे गेलं ते बांधव, भगिनी, भीषण, 'सामोरे जावे लागत असते' आणि काळाची गरज. शब्द वाचवायची खरी जागा ही असते. विशेषणं आणि लांबलेली क्रियापदं गेली की आकड्यांना जागा होते. ७२च्या दुष्काळाची आठवण सांगताना आपल्याकडची जुनी माणसं दोन पानं बोलतात, अर्जात तिला अर्धं वाक्य पुरतं.

सगळ्यात जास्त घोळ 'अपेक्षित परिणाम' या रकान्यात होतो. समजा तुम्ही ६,००० घनमीटर गाळ काढणार आहात. हे उद्दिष्ट आणि काम झालं. एक घनमीटर म्हणजे हजार लिटर, म्हणजे तलाव एकदा भरला की ६० लाख लिटर पाणी जास्त मावेल. आकडा छान दिसतो, पण हाही परिणाम नव्हे, ही फक्त वाढलेली जागा. त्यातलं काही पाणी उन्हाने उडणार, काही मुरणार. फेब्रुवारीत आटणाऱ्या ३१ विहिरींपैकी किती विहिरी एप्रिलपर्यंत टिकतील, हा परिणाम. आणि तो कसा मोजणार तेही त्याच दमात लिहा: ठरावीक दहा विहिरींत दर महिन्याच्या एकाच तारखेला टेप सोडून पाण्याची पातळी घेणार, काम सुरू व्हायच्या आधीपासून. सोबत त्या वर्षीचा पाऊस नोंदवणार हेही लिहा. नाहीतर चांगल्या पावसाचं श्रेय तुम्ही गाळाला देताय, असं कुणीही म्हणेल.

शाश्वततेत 'लोकसहभागातून प्रकल्प कायम टिकेल' असलं वाक्य टाकू नका. विचारणाऱ्याला एवढंच कळून घ्यायचंय की आमचे पैसे संपल्यावर काय. गाळ पुन्हा येणारच. तो कोणत्या ओढ्यातून येतो, त्या ओढ्यावर दगडी बांध कोण घालणार, पुढच्या वेळी पोकलेनच्या डिझेलला पैसे कुठून येणार? या तीन प्रश्नांची उत्तरं ७० शब्दांत झाली, तर उरलेले ३० मोकळे सोडा. मर्यादा म्हणजे भरायचं माप नव्हे.

एक गोष्ट दोन रकान्यांत लागतेच. तिथे आकडा परत द्यायचा, गोष्ट परत सांगायची नाही. 'वर नमूद केल्याप्रमाणे' असं लिहून मात्र सुटू नका, कारण काही ठिकाणी प्रत्येक रकान्याला वेगळे गुण असतात आणि तपासणारा वरचा रकाना त्या क्षणी उघडून बसलेला नसतो.

आता मोजणीबद्दल. शब्द मोजणारं यंत्र दोन शब्दांमधली मोकळी जागा बघतं. मराठीत विभक्ती शब्दालाच चिकटते, म्हणून 'तलावाखालच्या' हा एकच शब्द धरला जातो. इंग्रजीत त्याचे तीन-चार होतात. अर्ज इंग्रजीत जाणार असेल तर मराठी कच्चा मसुदा २०० ऐवजी साधारण १४० शब्दांवर थांबवा, नाहीतर भाषांतर झाल्यावर पुन्हा कापत बसाल.

मर्यादा शब्दांऐवजी अक्षरांची असेल तर गणित बरोबर उलटं होतं. काना, वेलांटी, पाय मोडणारा हलंत, सगळं वेगळं मोजलं जातं. 'स्त्रिया' आपल्याला दोन अक्षरं दिसतात, संगणकाला आठ. मी एकदा 'अक्षरं' म्हणजे आपली अक्षरं असं धरून वर्डमधून मजकूर चिकटवला. फॉर्मने कसलीही सूचना न देता शेवटच्या दोन ओळी गिळल्या. नेमका त्यातच गावाच्या वाट्याच्या खर्चाचा आकडा होता. अर्ज नाकारला गेला तो त्यामुळेच, असं म्हणत नाही, पण तेव्हापासून मी मसुदा सेव्ह करतो, बाहेर पडतो, पुन्हा उघडतो आणि प्रत्येक रकान्याचा फक्त शेवटचा शब्द तपासतो. तक्ते आणि बुलेट बहुतेक फॉर्ममध्ये टिकत नाहीत, तेव्हा साधी वाक्यंच लिहा.

कापाकापी झाल्यावर एक वाचन फक्त आकड्यांसाठी करा. उद्दिष्टात ६,००० घनमीटर आणि कार्यपद्धतीत ६,५०० असं राहून जातं, कारण आपण एका रकान्यात सुधारतो आणि दुसऱ्यात विसरतो. अंदाजपत्रकातले पोकलेनचे तासही त्याच आकड्याशी जुळले पाहिजेत.

खुणा करून झाल्या की 'गरज'चा मजकूर इथे टाका. 'शा'ची किती वाक्यं निघाली तेवढं आधी सांगा.