खडीचा आवाज आला की आधी पाण्याचं तापमान बघा

«गरम पाण्याच्या टाकीखालचा पंप खडी भरल्यासारखा वाजतो. बेअरिंग बदलली, आवाज तोच. उघडला तर इम्पेलरची चाळण! टाकी पंपाच्या वरच आहे, मग कॅव्हिटेशन कसं?»

तुमची पोस्ट वाचून माझेच जुने इम्पेलर डोळ्यांसमोर आले. दोन घालवले मी, दुसरा तर चांगला स्टेनलेसचा होता.

माझी चूक हिशोबात होती. उपलब्ध एनपीएसएच, म्हणजे पंपाच्या तोंडाशी पाण्याची वाफ होऊ नये म्हणून हाती असलेला दाब, मी 30 अंशाच्या पाण्यावर काढला: हवेच्या दाबाचे 10.4 मीटर, टाकीची उंची 1.5, त्यातून बाष्पदाबाचे 0.4 आणि सक्शन पाइपातल्या घर्षणाचे 2.2 वजा. उरले 9.3. पंपाला लागणार 4.5, म्हणून निश्चिंत. पण पाणी यायचं 80 अंशाला. तिथे बाष्पदाबच 5 मीटर खातो. पाणी हलकं होतं म्हणून हवेच्या दाबाचे 10.6 धरले, तरी हाती राहतात 4.9. (उघडी टाकी, समुद्रसपाटीचा हिशोब. उंचावर असाल तर आणखी कमी.)

पंप पुरवणाऱ्यांच्या सर्व्हिस विभागाला हे कळवलं, तर उत्तर आलं, "4.9 हे 4.5 पेक्षा जास्त आहे, पंपात दोष नाही." यात माझे तीन महिने गेले. पंपाच्या वक्रावरचा 4.5 हा आकडा म्हणजे हेड 3 टक्के पडलेलं असतं तो बिंदू. तिथे कॅव्हिटेशनचे, म्हणजे वाफेचे, बुडबुडे केव्हाचेच सुरू झालेले असतात. ते इम्पेलरच्या तोंडाशी तयार होतात आणि पात्यावर जरा पुढे, दाब वाढला की फुटतात. म्हणून खड्डे आतल्या कडेपासून थोडे पुढे, स्पंजासारखे दिसतात. शिवाय आमचा डिस्चार्ज व्हॉल्व्ह सताड उघडा होता. प्रवाह वाढला की पंपाची गरजही वाढते, ती 6 च्या आसपास पोचली होती.

तुम्ही आधी एवढंच करा: पंप चालू असताना डिस्चार्ज व्हॉल्व्ह थोडा आवळा. खडखड कमी झाली तर बहुधा कॅव्हिटेशनच, कारण बेअरिंगचा आवाज असा लगेच निवत नाही. फार आवळू नका, अगदी कमी प्रवाहात वेगळीच घुसळण सुरू होते. आणि सक्शनचा व्हॉल्व्ह आवाजासाठी कधीही आवळू नका! आमच्याकडे एकाने तेही करून पाहिलंय.

मग सक्शनची जाळी साफ करा. आम्ही शेवटी सक्शन पाइप एक साइज मोठा टाकला, घर्षण 2.2 वरून 0.8 वर आलं आणि उपलब्ध 6.3 झाले. माझ्या मते वक्रावरच्या गरजेपेक्षा निदान दीड मीटर जास्त हवाच. कोणी "अर्धा मीटर पुरे" म्हणेल, त्याने इम्पेलरचं बिल भरलेलं नसतं. पाइप बदलताना रिड्यूसर एक्सेंट्रिक घ्या, सपाट बाजू वर, नाहीतर हवा अडकते.

मी मेंटेनन्सचा माणूस, डिझाइनचा नाही. पाण्याखेरीज दुसरा द्रव असेल तर माझे आकडे धरू नका.