पायावर लाल ठिपके आणि निळे डाग: प्लेटलेट्स कमी असतील का?

"माझ्या मुलीच्या पायांवर बारीक लाल ठिपके आलेत, मार न लागता निळे डागही दिसतात. प्लेटलेट्स कमी असतील का?"

ताई, आधी एक करा. काचेचा पारदर्शक ग्लास ठिपक्यांवर दाबा आणि आरपार बघा. मच्छर चावल्याची किंवा घामोळ्याची लाली दाबल्यावर फिकी पडते. ठिपके तसेच राहिले, तर रक्त केशवाहिनीतून बाहेर येऊन कातडीत साचलं आहे. उभं राहिल्यावर खालच्या वाहिन्यांवर दाब जास्त पडतो, म्हणून ते आधी पिंढऱ्यांवर दिसतात.

मी नागपुरात लॅबमध्ये काम करते. माझ्या पाच वर्षांच्या भाच्याचं असंच झालं होतं. सर्दी-ताप होऊन दोन आठवडे उलटले होते, आणि पायावर ठिपके आले. घरच्यांना वाटलं, कूलरच्या पाण्यातले मच्छर चावले. पण खाज नव्हती, हाताला फुगीर लागत नव्हते, काचेखाली पुसटही होत नव्हते. सीबीसी, म्हणजे रक्तपेशी मोजणारी तपासणी, केली तर प्लेटलेट्स 11,000. साधारण दीड ते साडेचार लाख हव्यात.

आकडा बघून मी लगेच रक्ताची काचपट्टी सूक्ष्मदर्शकाखाली घेतली. कधीकधी जांभळ्या झाकणाच्या ट्यूबमधल्या, रक्त गोठू न देणाऱ्या ईडीटीए रसायनामुळे प्लेटलेट्सचे पुंजके होतात आणि मशीन कमी आकडा देतं. इथे पुंजके नव्हते. प्लेटलेट्स खरंच मोजक्या होत्या, काही आकाराने मोठ्या. हिमोग्लोबिन आणि पांढऱ्या पेशी ठीक होत्या, विचित्र पेशी एकही नव्हती. मला सगळ्यात मोठा दिलासा याचाच वाटला, कारण ल्युकेमियात, म्हणजे रक्ताच्या कर्करोगात, बहुतेकदा बाकीच्या पेशीही बिघडतात. बालरोगतज्ज्ञांनी आयटीपी सांगितलं: संसर्गानंतर शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच प्लेटलेट्स नष्ट करते. तोंडातून-नाकातून रक्त नव्हतं, म्हणून औषध न देता लक्ष ठेवलं. आयबुप्रोफेन आणि ॲस्पिरिन बंद, दंडावर-कुल्ल्यावर इंजेक्शन नाही, सायकल बंद. सातव्या आठवड्यात आकडा 1,60,000 झाला. लहान मुलांत बहुतेकदा हे असंच आपोआप बरं होतं, मोठ्यांत मात्र रेंगाळतं.

रक्त गोठवणाऱ्या घटकांचा दोष वेगळा दिसतो. त्यात बारीक ठिपके सहसा नसतात. हाताला गाठीसारखे लागणारे मोठे डाग पडतात, गुडघा सुजतो, दात काढल्यावर तासन् तास रक्त झिरपतं. तेव्हा रक्त गोठायला किती वेळ लागतो ते बघणाऱ्या पीटी आणि एपीटीटी तपासण्या करतात. नुसत्या प्लेटलेट्स कमी असतील तर या दोन्ही तपासण्या नॉर्मल येतात, म्हणून सीबीसी आणि काचपट्टी आधी.

तुमच्या मुलीचे ठिपके काचेखाली तसेच राहिले, तर सीबीसी आजच करा आणि रिपोर्ट डॉक्टरांना दाखवा. पपईच्या पानांच्या रसावर दिवस घालवू नका. ताप असेल तर डेंग्यूची तपासणीही हवी. पण तापासोबत जांभळे डाग भराभर वाढत असतील, मूल मलूल पडलं असेल, तोंडात रक्ताचे फोड, काळी शी किंवा जोराची डोकेदुखी असेल, तर लॅबमध्ये थांबू नका. सरळ मोठ्या दवाखान्याच्या कॅज्युअल्टीत न्या, रात्र असली तरी.