साबुदाण्याचा गोळा आणि पहिले तीन सेकंद

प्रश्न : मी घरच्या स्वयंपाकाचे छोटे व्हिडिओ नुकतेच टाकायला लागले आहे. पदार्थ चांगले होतात, पण लोक पहिल्या दोन-तीन सेकंदांतच पुढे सरकतात. सुरुवातीचे वाक्य नेमके कसे लिहायचे, की बोट थांबेल?

माझा पहिला व्हिडिओ साबुदाण्याच्या खिचडीचा होता आणि त्याची सुरुवात अशी होती : "नमस्कार मंडळी, माझ्या चॅनेलवर आपलं मनापासून स्वागत आहे, आज आपण बघणार आहोत उपवासाची साबुदाणा खिचडी." हे वाक्य म्हणायला मला सात सेकंद लागले होते आणि त्या वेळात पडद्यावर ओट्यापाशी उभा असलेला मी आणि मागचा मिक्सर एवढेच दिसत होते. व्हिडिओ उघडणाऱ्याला खिचडी कशी करतात हे बहुधा ठाऊकच असते आणि मला तो ओळखत नसतो. मग त्याने कशासाठी थांबावे, याचे उत्तर त्या सात सेकंदांत कुठेच नव्हते. हाच व्हिडिओ मी पुढे नव्याने केला, म्हणून त्याच्याच आधाराने सांगतो.

सुरुवातीचे वाक्य लिहायला बसण्यापूर्वी एक गोष्ट ठरवावी लागते : या पदार्थात घरोघरी काय बिघडते? नवशिक्याने "परफेक्ट खिचडी", "हॉटेलसारखी चव" असे म्हणून उपयोग नाही, कारण त्याच्या शब्दावर विश्वास ठेवण्याजोगे त्याने अजून काहीच दाखवलेले नसते. बिघाड मात्र दाखवता येतो आणि तो पाहणाऱ्याच्या कढईतही कधी ना कधी झालेला असतो. खिचडीत तो बिघाड म्हणजे गोळा होणे. साबुदाण्यावरचे पीठ नीट धुतले गेले नाही, किंवा भिजवताना पाणी जास्त राहिले, तर कढईत गरम होताच ते पीठ खळीसारखे चिकट होते आणि दाणे एकमेकांना धरून बसतात. म्हणजे चूक दिसते कढईत, पण झालेली असते चार-पाच तास आधी, भिजवताना. दिसते एकीकडे आणि कारण भलतीकडे, हे अंतर ज्या पदार्थात सापडते, त्याची सुरुवात लिहिणे सोपे जाते, कारण ते कारण ऐकण्यासाठी माणूस थांबतो.

आता वाक्य. मी आधी लिहिले होते : "साबुदाणा जास्त पाण्यात भिजवला तर खिचडी चिकट होते." वाक्य खरे आहे, पण तीन सेकंदांसाठी ते दोन कारणांनी वाया जाते. पहिले असे की मराठी वाक्यात क्रियापद शेवटी येते, आणि ज्या शब्दाने ऐकणारा दचकावा तो "चिकट" हा शब्दही त्याच्याबरोबर शेवटाला ढकलला जातो, तोवर बोट वर सरकलेले असते. दुसरे असे की उत्तर त्यातच सांगून टाकले आहे, तेव्हा पुढे बघण्याचे कारण उरत नाही. बोलताना आपण शब्दांचा क्रम सहज उलटा करतो, स्वयंपाकघरात तर नेहमीच. कुणी "खिचडीचा गोळा झाला आहे का?" असे विचारत नाही, "गोळा झाला ना खिचडीचा?" असेच विचारतात. तोच क्रम घ्यावा आणि दुखणे पहिल्या दोन शब्दांत यावे. माझे शेवटचे वाक्य असे झाले : "गोळा झाला खिचडीचा? चूक कढईत नाही, भिजवण्यात."

वाक्याची लांबी शब्द मोजून ठरवू नये. "भिजवल्यानंतरसुद्धा" हा एकच शब्द आहे, पण तो म्हणायलाच सेकंदभर जातो. उच्चार मोजावेत : गो-ळा-झा-ला असे बोटांवर मोजले, तर वरचे वाक्य सतरा उच्चारांत संपते. माझ्या सहज बोलण्याच्या वेगाने सतरा-अठरा उच्चार म्हणजे जवळपास तीन सेकंद होतात. आपला वेग मोबाईलवर एकदा रेकॉर्ड करून पाहावा, कारण कागदावर छोटे वाटणारे वाक्य तोंडाने म्हटले की लांबते आणि भरभर म्हटले की बातम्यांसारखे वाटते. "भिजवण्यात आहे" मधला "आहे" मी याच मोजणीत काढून टाकला आणि त्याने वाक्य अधिक बोलके झाले.

वाक्याबरोबर काय दिसते, ते वाक्याइतकेच काळजीने लिहून ठेवावे. माझ्या वहीत त्या तीन सेकंदांची नोंद दोनच ओळींची आहे. पहिला दीड सेकंद : लोखंडी कढईतून कालथा वर येतो आणि त्याला चिकटून खिचडीचा अख्खा गोळा वर येतो. दुसरा दीड सेकंद : तोच कालथा, तीच कढई, पण खिचडी मोकळी आणि दाणे कालथ्यावरून सुटे सुटे खाली पडत आहेत. "गोळा झाला" हे शब्द पहिल्या दृश्यावर येतात आणि "कढईत नाही" म्हणेपर्यंत दुसरे दृश्य लागते. तोंडाने जे सांगायचे ते डोळ्यांना आधीच दिसत असेल, तर शब्दांनी त्यापुढचे सांगावे. "बघा, हा गोळा झालाय" असे म्हणण्यात अर्धा वेळ फुकट जातो.

यासाठी खिचडी मुद्दाम बिघडवावी लागते, याला इलाज नाही. मी पाव वाटी साबुदाणा न धुता, भरपूर पाण्यात वेगळा भिजवला आणि तेवढाच परतला. (तो गोळा नंतर थापून थालीपीठ केले, ते मात्र झकास झाले.) चित्रण करताना कालथा कढईत घालण्यापासून रेकॉर्डिंग सुरू केले तरी चालते, पण कापताना सुरुवात तिथून ठेवू नये. पहिल्याच क्षणी गोळा अर्धा वर आलेला असावा. कॅमेऱ्याचे बटण दाबून मागे येणारा हात, कढईकडे जाणारा रिकामा कालथा, पदार्थावरून उघडत जाणारे झाकण हे सगळे कापून टाकावे. नवशिक्यांच्या बऱ्याच व्हिडिओंत मला पहिला सेकंद असाच गेलेला दिसतो आणि करणाऱ्याच्या ते लक्षातही येत नाही, कारण पुढे काय दिसणार आहे हे त्याला माहीत असते.

माझ्या दुसऱ्या प्रयत्नातही एक चूक राहिली होती. आवाज बंद करून तीन सेकंद शेजारच्या काकूंना दाखवले आणि विचारले, कसला व्हिडिओ आहे? त्या म्हणाल्या, "इडलीचं पीठ का रे?" पांढऱ्या नॉनस्टिक भांड्यात पांढरा गोळा, वर ट्यूबलाइटचा उजेड, मग त्यांना तरी काय कळणार! पदार्थ ओळखू आलाच नाही, तर त्याचा बिघाड आपला वाटण्याचा प्रश्नच येत नाही. म्हणून कढई काळी घेतली, वर दोन हिरव्या मिरच्या आणि दाण्याचे जाडसर कूट दिसेल असे ठेवले आणि ओट्याच्या बाजूची खिडकी उघडून उजेड एका बाजूने येऊ दिला. तेव्हा प्रत्येक दाण्याची कड वेगळी दिसू लागली. वाफेने लेन्स धुरकटते, तीही प्रत्येक वेळी पुसावी लागते. ही आवाज बंद करून दाखवण्याची परीक्षा मी अजूनही घेतो, आणि ती घरच्यांची घेत नाही, कारण सकाळपासून घरात काय शिजते आहे हे त्यांना वासावरूनच कळलेले असते.

बसमध्ये, ऑफिसात, झोपलेल्या मुलाशेजारी लोक आवाज बंद ठेवूनच पडदा सरकवत असतात, त्यामुळे पडद्यावरही अक्षरे हवीत. पण अख्खे वाक्य लिहू नये, "गोळा झाला?" एवढेच पुरे. ही अक्षरे खालच्या पट्टीत ठेवली तर चॅनेलचे नाव आणि मथळा त्यांच्यावर येतो, उजव्या कडेला ठेवली तर लाइक आणि शेअरची बटणे येतात. मध्यापासून थोडे वर, डावीकडे ही जागा सहसा मोकळी सापडते. देवनागरीची एक अडचण वेगळी आहे : एडिटिंगच्या ॲपमधल्या काही नक्षीदार फॉन्टमध्ये जोडाक्षरे फुटतात किंवा दोन ओळी जवळ आल्या की वरच्या ओळीचा उकार खालच्या वेलांटीत घुसतो. साधा, जाड फॉन्ट घ्यावा आणि व्हिडिओ तयार झाल्यावर तो फोनवरच हातभर अंतरावरून वाचून पाहावा.

तीन सेकंदांनंतर लगेच काय येते, यावर त्या वाक्याचा खरेपणा ठरतो. "चूक भिजवण्यात" म्हटले की चौथ्या सेकंदाला भिजवण्याचे पातेलेच दिसले पाहिजे. माझ्या व्हिडिओत तिथे साबुदाणा धुतल्यावरचे दुधासारखे पाणी ओतून दिले जाते, दोन-तीन वेळा धुतल्यावर ते जवळपास नितळ येते, मग साबुदाण्याच्या पातळीइतकेच पाणी ठेवून झाकण पडते आणि शेवटी भिजलेला दाणा दोन बोटांत दाबला की मध्ये कण न राहता चपटा होतो, हे अगदी जवळून दिसते. स्वागत, नाव, साहित्य यांतले काही सांगायचेच असेल तर ते यानंतर. सुरुवातीला जे दुखणे दाखवले त्याचे उत्तर व्हिडिओच्या शेवटी ठेवून "शेवटपर्यंत नक्की बघा" म्हणणारे पुष्कळ आहेत. मला ते पटत नाही. एकदा फसलेला माणूस पुढच्या वेळी तुमचे नाव पाहूनच सरकतो.

दोष नेमका कुठे आहे हे आकड्यांवरून कळते. तुम्ही यूट्यूबवर शॉर्ट्स टाकत असाल तर YouTube Studio मध्ये त्या व्हिडिओच्या माहितीत किती जण थांबले आणि किती जण सरकले याचे प्रमाण दिसते, आणि थांबलेले कोणत्या सेकंदाला निघून गेले याची रेषा वेगळी दिसते. सरकणारेच जास्त असतील तर पहिले दृश्य किंवा पहिले दोन शब्द बदलावेत. लोक थांबतात, पण पाचव्या-सहाव्या सेकंदाला रेषा एकदम कोसळते, असे दिसले तर सुरुवात ठीक आहे, तिथे दिलेला शब्द पाळायला तुम्ही उशीर केला आहे. माझ्या दुसऱ्या व्हिडिओत हेच झाले होते, कारण गोळा दाखवल्यावर मी लगेच साहित्याची यादी वाचायला घेतली होती. दुरुस्ती करताना एका वेळी एकच गोष्ट बदलावी. दृश्य, वाक्य आणि अक्षरे तिन्ही एकदम बदलली तर फरक कशाने पडला ते समजत नाही.

प्रत्येक पदार्थाला बिघाडाची सुरुवात लागते असे मात्र नाही. तव्यावरून विस्तवावर टाकलेली भाकरी टम्म फुगताना दिसली, तर पहिला सेकंद गप्प राहिलेलेच बरे, आणि फोडणीत मोहरी तडतडत असेल तर त्या आवाजावर आपला आवाज चढवू नये (चित्रण करताना चिमणी बंद ठेवावी, नाहीतर तडतड ऐकूच येत नाही). शिऱ्याच्या गुठळ्या, भाकरीच्या चिरा, उकडीच्या मोदकाची फाटलेली पारी, यांना खिचडीचाच साचा बसतो : "पारी फाटली मोदकाची? चूक वळण्यात नाही, उकडीत." पण हा साचा लागोपाठ वापरू नये. माझ्या चौथ्या व्हिडिओखाली एका ताईंनी लिहिले होते, "दादा, तुमच्याकडे रोजच काहीतरी बिघडतं का?" तो पाचवा व्हिडिओ मग मी फुगणाऱ्या भाकरीने सुरू केला.