कण्यामागचा अस्थिबंध आधी पाहा

उसाच्या ट्रॉलीवरून पडलेला अडतीस वर्षांचा रुग्ण कोल्हापुरात आमच्याकडे आला, तेव्हा पहिल्या कटिमणक्याचा चुरा होऊन हाडाच्या तुकड्याने मज्जानलिकेची सुमारे ४० टक्के जागा व्यापलेली सीटीत दिसत होती. मात्र पायांची ताकद आणि गुदद्वाराभोवतीची संवेदना पूर्ण शाबूत होती. केवळ तो तुकडा पाहून शस्त्रक्रियेचा निर्णय घेऊ नका, कारण मज्जातंतू शाबूत असल्यास असा तुकडा कालांतराने बराचसा विरघळतो.

कण्याच्या दुखापतीला गुण देऊन उपचार ठरवणाऱ्या टीएलआयसीएस पद्धतीत अशा चुरा झालेल्या मणक्याला, म्हणजे बर्स्ट फ्रॅक्चरला, २ आणि शाबूत मज्जातंतूंना ० गुण मिळतात, त्यामुळे अशा रुग्णात निर्णय मागच्या अस्थिबंधांवर येतो. सीटीत काटेरी प्रवर्धांमधले अंतर किंचित वाढलेले वाटले, म्हणून संशयाचे २ धरून बेरीज ४ झाली, आणि ४ गुणांवर शस्त्रक्रिया किंवा कण्याला बाहेरून आधार देणारा ब्रेस, दोन्ही उपचार मान्य आहेत. एमआरआयच्या, सूज ठळक दाखवणाऱ्या स्टर चित्रांत अस्थिबंध अखंड दिसल्याने बेरीज २ वर आली. ते तुटलेले असते तर ५ गुणांवर स्क्रू-रॉडने स्थिरीकरण केले असते.

ब्रेस घालून उभ्याने एक्स-रे मात्र काढाच, माझ्या मते ही खरी परीक्षा आहे. या रुग्णाचा बाक झोपून १२ अंश, उभ्याने १५ अंश भरला आणि वेदनाही सोसण्याजोगी होती, म्हणून आम्ही ब्रेसच ठेवला. बाक झपाट्याने वाढला, प्रवर्धांमधली फट रुंदावली किंवा पायांत नवी कमजोरी आली, तर निर्णय बदलावा लागतो.