ज्यूस सेंटरच्या डिजिटल मेनूवर दराचे आकडे केवढे मोठे असावेत?

प्रश्न: ४३ इंची टीव्हीवर मेनू लावलाय, पण काउंटरपाशी उभं राहून दर वाचता येत नाहीत. अक्षर किती मोठं ठेवू?

गिऱ्हाईक १० फुटांवर असेल तर दराचा आकडा पडद्यावर निदान १ इंच उंच हवा. फलकांच्या कामात साधारण हाच हिशोब धरतात. तुमचा आडवा पडदा सुमारे २१ इंच उंच, म्हणजे १९२०×१०८० च्या डिझाइनमध्ये आकडा ५१ पिक्सेल. फॉन्ट साइज मात्र ७२ पिक्सेलच्या आसपास ठेवा, कारण तिच्यात आकड्याच्या वरखालची जागाही धरलेली असते. वेलांट्या-उकार एकमेकांत अडकू नयेत म्हणून ओळीला ११० पिक्सेल द्या. मग एका वेळी आठ-नऊच ज्यूस बसतील, बाकीचे दुसऱ्या स्लाइडवर. पडद्यावर थेट ऊन येत असेल तर हे माप पुरत नाही, आधी टीव्हीची जागा बदला.