रात्रीची नायट्रेटची गोळी दुपारी का आणली

«बाबा ६८ वर्षांचे, ऐरोलीला असतात. एंजायनासाठी आयसोसॉर्बाइड मोनोनायट्रेट २० सकाळी ८ आणि रात्री ८, सोबत अम्लोडिपिन ५ आणि मेटोप्रोलॉल. चार-पाच महिने बरं होतं, आता परत चालताना छाती भरून येते. नवीन डॉक्टरांनी डोस वाढवला नाही, उलट दुसरी गोळी दुपारी ३ ला घ्यायला सांगितली आणि रॅनोलाझिन ५०० दोनदा जोडली. रात्रभर नायट्रेट नाही म्हणजे धोका नाही का?»

तुमच्या डॉक्टरांनी बरोबर केलंय, रात्री शरीराला नायट्रेटपासून सुट्टी मिळावी म्हणूनच त्यांनी वेळ बदललीय. मी ठाण्यात फार्मासिस्ट आहे, २२ वर्षं काउंटरवर उभी आहे, आणि ही एक गोष्ट समजावताना मी कधीच घाई करत नाही कारण अर्धवट समजलं की लोक घरी जाऊन परत १२-१२ तासांनीच गोळी देतात.

आधी हृदयाचा हिशोब बघा. बाकीच्या स्नायूंना ऑक्सिजन कमी पडला तर ते रक्तातून थोडा जास्त ओढून घेतात, हृदय मात्र आराम करतानासुद्धा त्याच्याकडे आलेल्या रक्तातला ७० टक्क्यांच्या आसपास ऑक्सिजन काढून घेतं, म्हणजे ओढायला फारसं काही उरतच नाही. जास्त हवा असेल तर रक्तच जास्त यायला लागतं, आणि नळी अरुंद झाली असेल तर तेच होत नाही. म्हणून बाबा बसून असले की ठीक, जिना चढले की छाती भरते, हाच एंजायना. उपाय दोनच, हृदयाची गरज कमी करा नाहीतर पुरवठा वाढवा, आणि बहुतेक गोळ्यांचं खरं काम गरज कमी करण्याचं असतं.

नायट्रेट मुख्यतः शिरा सैल करतं. शिरा सैल झाल्या की रक्त पायात-पोटात थोडं थांबतं, हृदयाकडे कमी परततं. काठोकाठ भरलेली बादली उचलणं आणि पाऊण भरलेली उचलणं यात जो फरक तोच इथे, हृदय कमी भरलं की त्याच्या भिंतीवर ताण कमी, ताण कमी की ऑक्सिजन कमी लागतो. शिवाय आतला दाब उतरला की हृदयाच्या अगदी आतल्या थरातल्या बारीक नळ्या दबत नाहीत आणि तिथे रक्त पोचतं. हृदयालाच रक्त पुरवणाऱ्या कोरोनरी नळ्या थोड्या उघडतात तेही आहेच, पण रोजच्या एंजायनात मोठा फायदा या बादलीचा आहे.

आता मुद्दा. नायट्रेट २४ तास रक्तात ठेवलं तर एक-दोन दिवसातच असर उतरायला लागतो. शरीर उलट जोर लावतं, नळ्या आकसवणारी हार्मोन्स वाढतात, मीठ-पाणी धरून ठेवलं जातं, आणि पेशीच्या आत नायट्रेटमधून येणारा नायट्रिक ऑक्साइडचा निरोप नीट पोचत नाही. हे माणसांवर फार पूर्वीच दिसलेलं आहे. डायनामाइटच्या कारखान्यात नायट्रोग्लिसरीन हाताळणाऱ्या कामगारांचं सोमवारी डोकं भयंकर ठणकायचं, आठवडाभरात कमी व्हायचं, आणि रविवारच्या सुट्टीनंतर सोमवारी परत तेच. म्हणजे सवय लागते तशी सुटतेही, एका दिवसाच्या आत. पण काही कामगारांना सुट्टीच्या दिवशीच छातीत दुखायचं, तेही लक्षात ठेवा, त्यावर खाली येते.

आता बाबांची वेळ लावून बघू. मोनोनायट्रेट रक्तात निम्मं व्हायला साधारण ५ तास लागतात. रात्री ८ ची गोळी १ वाजता निम्मी, सकाळी ६ ला पाव, आणि ८ ला नवीन गोळी, म्हणजे रक्त कधी रिकामं होतच नाही. दुसरी गोळी ३ ला घेतली तर रात्री ८ ला निम्मी, १ ला पाव, सकाळी ६ ला आठवा हिस्सा. रक्ताच्या नळ्यांना परत जाग यायला रात्रीची ही लांब गॅप पुरते, साधारण १० ते १४ तास असर कमी असलेला वेळ हवा असतो, आणि बाबांचं चालणं-फिरणं दिवसा आहे म्हणून औषध तेव्हा अंगात. दिवसातून एकदाच घ्यायची सावकाश सुटणारी गोळी असेल तर ती सकाळीच.

आमच्याकडे कोपरीचे एक काका येतात, त्यांचं हेच झालं होतं. संध्याकाळी ७ ला तलावपाळीला एक फेरी मारली की छाती दाबल्यासारखी व्हायची, थांबले की ३-४ मिनिटांत कमी. मी विचारलं गोळ्या किती वाजता, तर म्हणाले जेवणाबरोबर, सकाळ-रात्र. डबीवर 'दिवसातून दोनदा' एवढंच लिहिलेलं. डॉक्टरांशी बोलून वेळ ८ आणि ३ केली आणि आठवड्याभराने ते स्वतः सांगायला आले की दोन फेऱ्या होतात आता.

तुमच्या भीतीचं उत्तर, रात्री कोण राखतं? अम्लोडिपिन. ते धमन्या सैल करून हृदयाला ज्या दाबाविरुद्ध रक्त ढकलावं लागतं तो कमी करतं, कोरोनरी आकसू देत नाही, आणि निम्मं व्हायला ३० तासांपेक्षा जास्त घेतं म्हणून एक गोळी दिवसरात्र पुरते, त्याला सवय लागत नाही. घोट्याला सूज आली तर घाबरून लघवीची गोळी सुरू करू नका, ही सूज शरीराने जास्तीचं पाणी धरून ठेवल्याने नसते म्हणून तिने फारशी उतरत नाही, डॉक्टरांना सांगा. मेटोप्रोलॉल ठोके कमी करून रात्रीसुद्धा गरज खाली ठेवतं. सुट्टीच्या दिवशी दुखणाऱ्या त्या कामगारांकडे असं काहीच नव्हतं. मात्र बाबांना रात्रीच दुखत असेल तर आधी डॉक्टरांना सांगा, मग रिकामी वेळ दिवसा सरकवावी लागते.

रॅनोलाझिन का? ती बीपी आणि ठोके दोन्हीला जवळजवळ हात लावत नाही, आणि बाबांना दोन्ही कमी करणाऱ्या गोळ्या आधीच आहेत. ऑक्सिजन कमी पडला की पेशीत सोडियम उशिरापर्यंत शिरत राहतं, त्यामागे कॅल्शियम साठतं, आणि हृदय ठोक्यानंतर पूर्ण सैल होत नाही, मूठ अर्धी वळलेलीच राहते. हृदयाला रक्त मिळतं ते मुख्यतः याच सैल वेळेत. रॅनोलाझिन ते उशिराचं सोडियम अडवते. ती गोळी फोडायची, कुटायची नाही, आणि दुखतंय म्हणून तेव्हा घ्यायची नाही, तेव्हा जिभेखाली ठेवायची नायट्रेटची गोळीच.

एक सावधगिरी, रॅनोलाझिन ईसीजीतलं क्यूटी, म्हणजे प्रत्येक ठोक्यात हृदयाच्या विजेला परत सावरायला लागणारा वेळ, लांबवते. मागे एक आजोबा खोकल्यासाठी दुसरीकडून क्लॅरिथ्रोमायसिन लिहून घेऊन आले, मी जुनी चिठ्ठी मागितली तर त्यात रॅनोलाझिन, दोन्ही एकत्र चालत नाही कारण ही अँटिबायोटिक तिची पातळी रक्तात चढवते. फोन केला, बदलून मिळालं. डिल्टियाझेम किंवा वेरापामिल चालू असेल तर रॅनोलाझिन ५०० दोनदाच्या वर जात नाही, आणि या दोन्हींपैकी एकही मेटोप्रोलॉलबरोबर कुणी लिहिली तर परत विचारा, ठोके फार मंदावू शकतात.

बाबांना सांगा, सिल्डेनाफिलसारखी गोळी नायट्रेट चालू असताना अजिबात नाही, बीपी कोसळतं. आणि बसल्याजागी दुखलं, किंवा पूर्वी दोन जिने चढायचे आता अर्ध्यात दुखतं, तर ती गोष्ट वेळेच्या बदलावर सोडायची नाही, त्याच दिवशी दाखवा. जिभेखालची गोळी ठेवून ५ मिनिटांत थांबलं नाही तर १०८.